बोट कुणाचं, मंजुरी कुणाची? निपाणीजवळच्या एका घरातल्या फोनचं प्रकरण

निपाणीत माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेमात पैसे गेले म्हणून फोन घेऊन येणारी माणसं आता नवी राहिलेली नाहीत. त्यातलं हे एकच प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण या घरानं काळजी घेतली होती. बँक खातं प्ले स्टोअरला जोडलेलं नव्हतं, खरेदीआधी पडताळणी मागायचं सेटिंग चालू होतं, महिन्याचं बजेटही लावलेलं होतं. एवढं असूनही नऊ दिवसांत 2,963 रुपये गेले. घरच्यांच्या परवानगीनं हे लिहितोय, नावं कुणाचीच घालत नाही.

घर निपाणीपासून सहा-सात किलोमीटरवरच्या गावातलं. वडील रोज हायवेनं कागलला एमआयडीसीत कामाला जातात आणि स्वतःजवळ साधा बटणांचा फोन ठेवतात. आई घरी विड्या वळते. थोरली मुलगी नववीत, धाकटा मुलगा सहावीत. सगळ्या घराचा मिळून एकच स्मार्टफोन, तो आईच्या नावावर आणि दिवसभर घरीच. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाल्याचा मेसेज त्यावरच येतो, शाळेचा ग्रुप त्यावरच आहे, मुलीचा अभ्यास आणि मुलाचा गेमही त्यावरच.

मुलीचा मामा कोल्हापुरात असतो. दहावीची तयारी आताच सुरू व्हावी म्हणून त्यानं एका अभ्यासाच्या ॲपची वर्षाची फी द्यायचं ठरवलं. फी होती 3,499 रुपये. बहिणीचं बँक खातं प्ले स्टोअरला जोडणं त्याला धोक्याचं वाटलं. मग त्यानं स्वतःच्या फोनवरून 3,500 रुपयांचा गुगल प्ले रिचार्ज कोड घेतला आणि रविवारी घरी आल्यावर बहिणीच्या फोनमध्ये टाकला. पैसे गुगल प्ले बॅलन्स म्हणून जमा झाले. सहामाही परीक्षा झाल्यावर ॲप घेऊ, असं ठरलं. जाता जाता त्यानं प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं 100 रुपयांचं बजेट लावलं आणि सांगितलं, "शंभराच्या वर जाणार नाही, काळजी करू नको."

पुढच्या आठवड्यात मंगळवारी मुलगी ॲप घ्यायला बसली तर बॅलन्स 537 रुपये. बुधवारी सकाळी आई, मुलगी आणि फोन तिघंही दुकानात.

"दादा, कुणी हॅक केलं काय बघा की," वहिनी म्हणाल्या. बँकेचा एकही मेसेज आलेला नव्हता, त्यामुळं त्यांचा संशय बाहेरच्या चोरावर होता.

मी आधी प्ले स्टोअर उघडलं. वर उजवीकडच्या गोल चित्रावर दाबून Payments & subscriptions, तिथून Budget & history. कधी, किती वाजता, कशासाठी, किती गेले हे तिथं ओळीनं लागतं. सात ऑर्डरी होत्या आणि सगळ्या एकाच गेमच्या. रविवारी संध्याकाळी 7:42 ला 89 रुपये, 7:51 ला पुन्हा 89, 8:03 ला 449. नंतर मधले दिवस सोडून दुपारी साडेचार-पाचच्या सुमाराला 449, 899 आणि 89. शेवटची ऑर्डर सोमवारी संध्याकाळची, 899 ची. जीमेल उघडलं तर प्रत्येक ऑर्डरची पावती आलेली होती, GPA. नं सुरू होणाऱ्या नंबरासकट. पण त्या घरात जीमेल कुणी उघडतच नव्हतं. फोन घेतला तेव्हा खातं लागतं म्हणून ते काढलेलं, एवढंच.

बाहेरच्यानं पैसे मारले असते तर ऑर्डरी सहसा अनोळखी गेमच्या किंवा भलत्याच वेळेच्या दिसल्या असत्या. इथं गेम घरातलाच होता आणि वेळ शाळा सुटल्यानंतरची. वहिनींना विचारलं, दुपारी साडेचारला तुम्ही कुठं असता? त्या जरा थांबल्या. "विड्या द्यायला जातो आम्ही बायका. यायला साडेपाच होतात."

इथंच त्यांना राग आला होता, पण मी म्हटलं पोराला आत्ता काही बोलू नका, शाळा सुटली की घेऊन या. पोरगा आला, घाबरलेला होता. मी त्याला एवढंच विचारलं की विकत घ्यायचं बटण दाबल्यावर स्क्रीनवर काय येत होतं. तो म्हणाला, "काका, मी चोरलो नाही. बोट लाव म्हणून आलं, लावलो."

या एका वाक्यात सगळं प्रकरण आहे.

वहिनींचा अंगठा फोनला ओळखू येत नाही. वीस वर्षं तेंदूपान कापून आणि तंबाखू भरून विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, वर तंबाखूची भुकटी बसलेली असते. आमच्या भागात रेशन दुकानातल्या मशीनवरही या बायका तीन-तीनदा अंगठा लावताना मी बघितल्यात. फोन घेतला तेव्हा त्यांचा अंगठा नोंदवला खरा, पण तो पाचातून एकदा चालायचा. म्हणून सोय म्हणून मुलीचं बोट घातलं आणि नंतर मुलाचंही. कामाच्या मध्ये मेसेज आला की पोरानं बोट लावून आईला दाखवायचा. त्यात चुकीचं काही नव्हतं. फोन उघडायला सगळ्यांची बोटं असावीत, हे त्या घराच्या गरजेचंच होतं.

पण प्ले स्टोअरमध्ये खरेदीची पडताळणी बोटावर ठेवली की प्ले स्टोअर वेगळं बोट मागत नाही. फोनमध्ये नोंदवलेलं कुठलंही बोट त्याला चालतं. हे बोट आईचं की मुलाचं, हे ते विचारतही नाही आणि त्याला कळतही नाही. पडताळणी चालू होती आणि ती प्रत्येक वेळी नीट झाली, फक्त मंजुरी देणारा आणि मागणारा एकच होता. ऑर्डरीच्या नोंदीतही कुणाचं बोट लागलं ते दिसत नाही, त्यामुळं मागाहून तपासायलाही जागा नाही.

पहिल्या रविवारची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या दिवशी मामा असतानाच मुलानं गेममध्ये वापरायचे 89 रुपयांचे डायमंड मागितले होते आणि आईनं हो म्हटलं होतं. पासवर्ड मामानं टाकला. पोरासमोरच त्यानं बोटानं पडताळणी करायचं बटणही चालू केलं, "तुला सारखा पासवर्ड नको" म्हणून. पडताळणी किती वेळा मागायची ते मात्र दर तीस मिनिटांनी असंच राहिलं. याचा अर्थ असा की एकदा ओळख पटली की पुढचा अर्धा तास प्ले स्टोअर पुन्हा काहीच विचारत नाही. 7:42 ला परवानगीनं एक खरेदी झाली. मग मामा चहाला बसला आणि 7:51 आणि 8:03 च्या खरेद्या काहीही न विचारता गेल्या. मोठ्या माणसानं एका वस्तूला हो म्हटलं की त्याला वाटतं आपण एका वस्तूला हो म्हटलं. या सेटिंगमध्ये तो अर्ध्या तासाला हो म्हणत असतो.

आणि बजेट? ते खरेदी अडवत नाही. महिन्याचा आकडा लावला की खर्च त्याच्या जवळ गेल्यावर किंवा ओलांडल्यावर प्ले स्टोअर सूचना दाखवतं. सूचना फोनवर येते, फोन पोराच्या हातात. मामाचा समज प्रामाणिक होता, नावावरून कुणालाही तसंच वाटेल. पण 100 च्या बजेटवर 899 ची खरेदी बिनबोभाट होते, हे त्यानं माझ्या दुकानात पहिल्यांदा ऐकलं.

आता बॅलन्सचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बँक जोडली नाही म्हणजे सुरक्षित, असं या घरानं धरलं होतं. थकबाकीची भीती नाही या अर्थी ते बरोबर आहे, कारण बॅलन्समध्ये जेवढं आहे त्याच्यापुढं जाता येत नाही. पण यूपीआयनं पैसे दिले असते तर यूपीआय पिन लागला असता. कार्डानं दिले असते तर ओटीपी आला असता. बॅलन्स आधीच गुगल प्लेमध्ये जमा झालेला पैसा असल्यामुळं तिथं ना पिन ना ओटीपी, बँकेचा मेसेजही नाही. उरतो तो एकच दरवाजा, प्ले स्टोअरची स्वतःची पडताळणी. आणि तीच या घरात सगळ्यांच्या बोटावर होती. पिन आणि ओटीपीवरही फार विसंबू नये, ओटीपी त्याच फोनवर येतो आणि दुकानात आईसाठी पिन दाबणारी पोरं मी रोज बघतो. तरी तिथं दुसरा दरवाजा निदान असतो.

पोराला मी विचारलं, रुपये लिहिलेले दिसत नव्हते काय? दिसत होते. पण त्याच्या डोक्यात ते मामानं फोनमध्ये घातलेले पैसे होते, आणि फोन म्हणजे गेम. ताईच्या अभ्यासाचे पैसे तिथंच आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला त्याचं म्हणणं खरं वाटलं, वहिनींना अर्धंच वाटलं.

पैसे परत मिळवायचं काम त्याच दिवशी सुरू केलं, कारण तिथं तास मोजले जातात. खरेदीला 48 तास झाले नसतील तर गुगल प्लेकडंच परताव्याची मागणी करता येते. त्यानंतर साधारणपणे गेम बनवणाऱ्या कंपनीकडं जायला सांगतात. ओळखीच्या किंवा घरातल्या माणसानं चुकून खरेदी केली, हे कारण मागणीच्या फॉर्ममध्ये निवडता येतं, आणि तेच खरं असल्यामुळं आम्ही तेच निवडलं. 120 दिवसांची मुदत असलेली एक वेगळी तक्रार असते, पण ती कुणा अनोळखी माणसानं तुमचं खातं किंवा कार्ड वापरलं असेल तर. काही जण पोराचं नाव वाचवायला "हॅक झालं" असं लिहितात. मी ते करू दिलं नाही. खोटं म्हणून तर नाहीच, शिवाय त्याच फोनवरून, घरातल्याच बोटानं झालेली खरेदी परक्याची ठरत नाही.

सोमवार संध्याकाळची 899 ची ऑर्डर मुदतीत होती. तिची मागणी मंजूर झाली आणि दुसऱ्या दिवशी पैसे बॅलन्सला परत आले. बॅलन्समधून गेलेलं बॅलन्समध्येच येतं, बँकेत नाही. उरलेल्या पाच ऑर्डरींसाठी कंपनीला ऑर्डर नंबर घालून लिहिलं. पहिली 89 ची सोडली, ती परवानगीची होती. चार दिवसांनी उत्तर आलं की डायमंड वापरून झालेत, परतावा देता येत नाही. ते 1,975 रुपये गेले ते गेलेच. परत आलेल्या ऑर्डरीतले डायमंड गेममधून काढून घेतले गेले, त्याचं पोराला वाईट वाटलं, पण तो काही बोलला नाही.

मग सेटिंग. प्ले स्टोअरमध्ये गोल चित्रावरून Settings आणि तिथं Purchase verification. जुन्या फोनांत हेच Authentication या नावाखाली सापडतं. बोटानं पडताळणीचं बटण बंद केलं आणि किती वेळा मागायचं ते प्रत्येक खरेदीला असं केलं. हे बदलताना खात्याचा पासवर्ड विचारतात, आणि गाडी तिथंच अडली. पासवर्ड मामाला पाठ होता आणि फोनच्या खोक्यात एका चिठ्ठीवर लिहिलेला होता. ते खोकं म्हणजे मुलांच्या खडूंचा डबा.

नवा पासवर्ड ठरवायला आम्हाला पाऊण तास लागला, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला तो खरा भाग होता. वहिनी मराठी सातवीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं ओळखतात, पण जोडून लिहायची सवय नाही. जन्मतारीख, गाडीचा नंबर, घरातली नावं हे पोराला पहिल्या झटक्यात सुचेल. शेवटी त्यांनी माहेरच्या लहानपणीच्या दोन गोष्टींची नावं घेतली, मी ती इंग्रजी अक्षरांत एका कागदावर मोठी लिहिली, मध्ये त्यांच्या मनातला एक आकडा घातला. त्यांनी तो शब्द माझ्यासमोर सात वेळा टाइप केला, एका बोटानं, एक अक्षर दिसलं की पुढचं. कागद विडी कामगाराच्या कार्डाच्या पाकिटात गेला. मुलीलाही सांगायचा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. "ती भावाला नको म्हणत नाही," म्हणाल्या.

खात्याला जोडलेला परत मिळवण्याचा नंबर याच फोनचा होता. म्हणजे ज्याच्या हातात फोन, तो "पासवर्ड विसरलो" दाबून मेसेजातला कोड घेऊन नवा पासवर्ड करू शकला असता. तो नंबर काढून वडिलांच्या बटणाच्या फोनचा घातला. यानंही वाट पूर्ण बंद होत नाही. खातं ज्या फोनवर उघडंच आहे त्या फोनचा स्क्रीन लॉक गुगल कधी कधी ओळख म्हणून मान्य करतं, आणि या घरात स्क्रीन लॉकचा पिन चौघांनाही माहीत आहे. हे मी वहिनींना स्पष्ट सांगितलं. सहावीतलं पोरगं एवढं करेल असं मला वाटत नाही, नववीतलं करेल. पण पासवर्ड बदलला की तसा मेल येतो आणि जुना पासवर्ड चालायचा बंद होतो. वहिनींचा शब्द एखाद्या दिवशी चालला नाही, तर तीच खूण.

सेटिंग खरंच बसलं की नाही हे बघायची एक साधी रीत आहे. गेममध्ये जाऊन स्वस्तातली वस्तू निवडायची, विकत घ्यायचं बटण दाबायचं आणि पासवर्डाची चौकट येते का बघून तिथूनच मागं फिरायचं. बोटाचं चिन्ह दिसलं तर बटण बंद झालेलं नाही. बोट लावून बघू नये, लावलं की खरेदी होते. तीस मिनिटांची फट बुजली का हे मात्र खरी खरेदी केल्याशिवाय कळत नाही. एक खरेदी झाल्यावर लगेच दुसरी वस्तू निवडून बघायची, पुन्हा पासवर्ड मागितला पाहिजे. आणि हे सेटिंग त्या खात्याला त्या फोनपुरतंच असतं. फोन बदलला, रीसेट केला किंवा तेच खातं दुसऱ्या फोनवर उघडलं तर तिथं पुन्हा सगळं करावं लागतं.

मामानं फोनवर विचारलं, फॅमिली लिंक का नाही लावलं? त्यात मुलानं खरेदी मागितली की आईबापाच्या फोनवर विचारणा येते. सोय चांगली आहे, आणि मुलाला वेगळा फोन असेल तर मी तीच सांगतो. पण ती मंजुरी मुलाच्या खात्याला लागते. इथं मुलाला खातंच नाही, तो आईच्या खात्यात खेळतो. गेम ज्या खात्यावरून उतरवला त्या खात्यावर खरेदी पडते. फॅमिली लिंकच्या दृष्टीनं इथं एक मोठी बाई स्वतःच्या पैशानं डायमंड घेत होती, तिला कोण कशाला विचारेल? मुलाचं खातं काढून त्याला फोनमध्ये वेगळा युजर करून देता येतं, पण ती सोय सगळ्या फोनांत नसते, या फोनात नव्हती. शिवाय विचारणा आपल्या फोनवर यायला आईबापाकडं दुसरा स्मार्टफोन लागतो, आणि वडिलांकडं बटणाचा आहे.

वडील एकदा स्वतः आले होते. त्यांचा प्रश्न वेगळा होता, "सरकारनं गेमवर बंदी घातली की, मग हे चालतंय कसं?" 2025 चा जो केंद्राचा कायदा आहे तो पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. डायमंड किंवा कपडे विकत घ्यायचे आणि खेळायचं, त्यात जिंकून पैसे मिळत नाहीत, ते त्या बंदीत येत नाही. त्या कायद्याच्या भरवशावर घरातलं सेटिंग सोडू नका, एवढं मी त्यांना सांगितलं.

बॅलन्समध्ये 537 आणि परत आलेले 899 मिळून 1,436 रुपये होते. वर्षाची फी त्यात बसत नव्हती, म्हणून मुलीनं तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं, 1,199 ला. ते त्याच दिवशी घेऊन टाकायला मी सांगितलं, कारण बॅलन्स पडून राहण्यातच धोका होता. इतरांनाही मी आता हेच सांगतो, कोड ज्या कामासाठी आणला ते काम त्याच बैठकीत करा, आणि परीक्षा झाल्यावर घ्यायचं असेल तर कोडच परीक्षा झाल्यावर आणा.

उरलेले 237 वहिनींनी पोराचे म्हणून ठेवले. काल संध्याकाळी चार्जर बदलायला म्हणून त्यांच्या घरी गेलो होतो. पोरगं फोन घेऊन आईपुढं उभं होतं, 89 चं काहीतरी हवं होतं. वहिनींनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं, मोरीवर जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि त्याला भिंतीकडं तोंड करून उभं राहायला सांगितलं. एक अक्षर, मग दुसरं. त्यानं मागं वळून बघितलं नाही. खरेदी झाल्यावर त्यांनी फोन माझ्याकडं दिला, "परत एकदा दाबून बघा दादा, विचारतंय काय." दाबलं. पासवर्डाची चौकट आली.